फ्रीलान्सरचं होम लोन: बारा महिन्यांच्या स्टेटमेंटमधून सरासरी काढताना काय काय झालं

सप्टेंबरमध्ये माझं होम लोन डिसबर्स झालं. मी सांगलीत राहते, सिव्हिल डिप्लोमा केलाय आणि घरी बसून आरसीसी ड्रॉइंग करून देते, पुण्याचे दोन कन्सल्टंट, कोल्हापूरचे एक, आणि इथले मिरज-कुपवाडचे छोटे बंगलेवाले. पगार नाही, स्लिप नाही, फॉर्म 16 नाही. त्यामुळे बँकेत पहिला प्रश्न आला की महिन्याला किती मिळतं आणि याचं एका आकड्यात उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते उत्तर कसं तयार केलं, बँकेने ते कसं तपासलं आणि शेवटी लोन नेमकं कुठल्या आकड्यावर मिळालं ते सगळं क्रमाने लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा सगळीकडे नुसतं "मागच्या बारा महिन्यांची सरासरी काढा" एवढंच सापडत होतं, कशाची सरासरी ते कुणी सांगत नव्हतं.

विश्रामबागेत एक जुना वन बीएचके बघितला होता, ॲग्रीमेंट 26 लाखाला ठरत होतं, मला 20 लाख लोन हवं होतं. एप्रिल 2025 मध्ये दोन्ही बँक खात्यांचे एप्रिल 2024 ते मार्च 2025 चे स्टेटमेंट नेट बँकिंगमधून एक्सेलमध्ये घेतले (पीडीएफ पण घ्या, बँकेला ओरिजिनल ई-स्टेटमेंटची पीडीएफच लागते, प्रिंट काढून स्कॅन केलेली चालत नाही). दोन्ही खात्यांचं मिळून जमा बाजूचं टोटल आलं 11 लाख 50 हजार. भागिले बारा, म्हणजे महिना जवळपास 96 हजार. हा आकडा बघून कुणालाही बरं वाटेल, पण महिन्याला 96 हजार मी कधीच कमवत नव्हते हे मला माहीत होतं.

त्याच सुमारास एका फायनान्स कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. त्याने स्टेटमेंट चाळलं आणि म्हणाला, "ताई, साडेअकरा लाखाचा टर्नओव्हर दिसतोय, 25 लाख पण निघतील, तुम्ही टेन्शन घेऊ नका." लॉगिन फी भरून घेतली, व्याज साडेबारा टक्के सांगितलं. तीन आठवड्यांनी फाइल परत आली, त्यांच्या क्रेडिट डिपार्टमेंटने जमा रकमा तपासल्या आणि बऱ्याचशा कमाईच्या नाहीत म्हणून काढून टाकल्या. लॉगिन फी गेली ती गेली. पण त्यामुळे एक कळलं, की बँक जे काढून टाकणार आहे ते आपणच आधी काढायचं, म्हणजे समोरच्याने आकडा कापायचा प्रश्नच येत नाही.

मग प्रत्येक जमा एंट्रीसमोर एक कॉलम घातला आणि त्यात एकच शब्द लिहायचा असं ठरवलं: फी, स्वतःचं, एफडी, घरचं, रिफंड. दोन संध्याकाळी गेल्या यात. बाहेर पडलं ते असं.

सगळ्यात मोठी गडबड होती "स्वतःचं" मध्ये, 2 लाख 10 हजार. बंगलेवाले लोक जीपे करतात ते माझ्या दुसऱ्या खात्यात येतं आणि तिथे साठलं की मी ते मेन खात्यात टाकते. म्हणजे तोच पैसा एकदा दुसऱ्या खात्यात फी म्हणून जमा आणि परत मेन खात्यात जमा. दोन्ही स्टेटमेंट जोडलं की तो दोनदा मोजला जातो. ओळखायची खूण सोपी आहे, एका खात्यात जी रक्कम नावे पडलीय तीच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खात्यात जमा दिसते. मग एफडी मोडली होती ते दीड लाख. दादाने परत केलेले 80 हजार. इन्कम टॅक्सचा मागच्या वर्षीचा रिफंड 12 हजार. आणि 18 हजार असे की गेले आणि परत आले, फेल झालेले ट्रान्झॅक्शन, कॅन्सल केलेली ऑर्डर वगैरे. हे सगळं मिळून 4 लाख 70 हजार. ते गेल्यावर खरी फी उरली 6 लाख 80 हजार.

दादाच्या 80 हजारांबद्दल एक सांगते, कारण बऱ्याच जणांच्या खात्यात असं असतंच. घरच्यांकडून आलेली रक्कम हातउसने असेल तर बँक ती तुमच्या डोक्यावरचं देणं धरू शकते. माझ्या केसमध्ये मीच त्याला आधी दिले होते आणि ती नावे पडलेली एंट्री त्याच स्टेटमेंटमध्ये होती, म्हणून दोन्हींवर पेन्सिलने खूण केली आणि विषय संपला. जोडी दाखवता आली तर दाखवा.

महिन्यांप्रमाणे फी अशी होती: एप्रिल 38 हजार, मे 61, जून 54, जुलै 22, ऑगस्ट 9, सप्टेंबर 31, ऑक्टोबर 73, नोव्हेंबर 36, डिसेंबर 58, जानेवारी 64, फेब्रुवारी 47 आणि मार्च 1 लाख 87 हजार. आमच्या कामात पावसाळ्यात साइट थंड असतात त्यामुळे जुलै-ऑगस्ट असंच जातं, आणि मार्च एंडला पुण्याची ऑफिसं वर्षभराची राहिलेली बिलं एकदम काढतात. बारा महिन्यांची सरासरी 56,667. पण मार्च सोडून उरलेल्या अकरा महिन्यांची काढली तर 44,818. आणि सगळे आकडे लहान-मोठे लावून मधला घेतला तर 50,500 च्या आसपास. म्हणजे एका महिन्याने सरासरी बारा हजाराने वर नेली होती. हे तिन्ही आकडे मी शीटच्या खाली लिहून ठेवले, बँकेने मागितले नव्हते, पण मला स्वतःला कळायला हवं होतं की ईएमआय कितीपर्यंत झेपेल. माझं उत्तर 44 हजारवालं होतं.

सहा महिन्यांच्या स्टेटमेंटवर पण काही ठिकाणी काम करतात. माझे ऑक्टोबर ते मार्च घेतले तर सरासरी 77,500 आणि एप्रिल ते सप्टेंबर घेतले तर 35,833, माणूस तोच आणि काम तेच. कुठलेही सलग बारा महिने घेतले तरी त्या खिडकीत एक पावसाळा आणि एक मार्च येतोच, म्हणून सीझनवर चालणाऱ्यांनी बारा महिन्यांचाच आग्रह धरावा.

शीट करताना दोन गोष्टींनी छळलं. बँकेच्या एक्सेलमध्ये तारीख टेक्स्ट म्हणून येते, त्यामुळे महिन्याची बेरीज शून्य येत राहते आणि आपल्याला वाटतं फॉर्म्युला चुकला. तारखेचा कॉलम सिलेक्ट करून डेटा मेनूतल्या टेक्स्ट टू कॉलम्समधून दिवस-महिना-वर्ष असा फॉरमॅट दिला की सुटतं. दुसरं म्हणजे AVERAGE रिकामा सेल मोजतच नाही. माझी एक मैत्रीण साताऱ्यात फोटो एडिटिंग करते, तिचे दोन महिने कोरे होते, ते सेल तिने रिकामे ठेवले आणि सरासरी दहाने भागून आली. कोऱ्या महिन्यात शून्य टाइप करा, किंवा सरळ बेरजेला 12 ने भागा. मी हे वापरलं, A मध्ये तारीख, C मध्ये जमा रक्कम, D मध्ये तो शब्द आणि F मध्ये महिन्याची पहिली तारीख; पहिला फॉर्म्युला G2 पासून G13 पर्यंत, दुसरा सरासरीला:

```
=SUMIFS(C:C,D:D,"फी",A:A,">="&F2,A:A,"<"&EDATE(F2,1))
=SUM(G2:G13)/12
```

आता टीडीएस. खात्यात 6 लाख 80 हजार आले, पण ती पूर्ण फी नाही. पुणे-कोल्हापूरची ऑफिसं तेव्हा इन्कम टॅक्सच्या 194J कलमाखाली 10 टक्के कापून पाठवत होती. त्यांची बिलं 4 लाख 50 हजारांची होती, कापलेले 45 हजार सरकारकडे माझ्या पॅनवर जमा. म्हणजे माझी ग्रॉस पावती 7 लाख 25 हजार, महिना 60,417. हे 45 हजार स्टेटमेंटमध्ये कुठेच दिसत नव्हते, ते फॉर्म 26AS मध्ये दिसत होते, आणि मार्च तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायची मुदत 31 मे असते त्यामुळे 26AS जूनमध्येच पूर्ण भरणार होतं. म्हणून मी जूनपर्यंत थांबले. घाई करून मे महिन्यात काढलं असतं तर माझं मार्चचं सगळ्यात मोठं पेमेंट त्यात नव्हतंच.

जूनमध्ये 26AS काढलं तर त्यात 4 लाख 50 च्या जागी 4 लाख 90 हजार. हा 40 हजारांचा फरक शोधायला वेळ लागला. एका ऑफिसने 31 मार्चला बिल बुक करून 4 हजार टीडीएस दाखवला होता आणि मला 36 हजार प्रत्यक्षात 9 एप्रिलला मिळाले होते. त्यांच्या हिशोबात जुनं वर्ष, माझ्या खात्यात नवीन वर्ष. सीएंनी ते उत्पन्न आणि तो टीडीएस दोन्ही पुढच्या वर्षात नेलं, आणि मी शीटवर एक ओळ लिहिली: बिल नंबर, रक्कम, बुक झाल्याची तारीख, मिळाल्याची तारीख. बँकेने नंतर हाच फरक विचारला आणि ती ओळ दाखवली.

मग रिटर्न. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी तेव्हा इन्कम टॅक्सच्या 44ADA कलमाखाली भरत होते, म्हणजे ग्रॉस पावतीच्या किमान 50 टक्के उत्पन्न दाखवायचं, खर्चाच्या वह्या ठेवायची सक्ती नव्हती. आधीच्या वर्षी पावती 6 लाख 20 हजार होती, त्या वर्षी नवीन लॅपटॉप आणि प्लॉटर घेतलेला, खर्च खूप झाला होता, म्हणून निम्मे म्हणजे 3 लाख 10 हजार दाखवले. या वर्षी पण सवयीने निम्मे दाखवले असते तर 3 लाख 62 हजार 500, महिना 30 हजार. सीए म्हणाले, "बाई, सरासरी तू साठ हजाराची काढून नेशील, पण बँक रिटर्नवरचं उत्पन्न धरणार. तुझा खरा खर्च किती झाला ते आधी सांग."

खर्च काढला, सॉफ्टवेअर, प्लॉटिंग, नेट, लाइट, प्रवास आणि गर्दीच्या वेळी मदतीला घेतलेल्या मुलाचे पैसे, सगळं मिळून 1 लाख 45 हजार. म्हणजे खरं उत्पन्न 5 लाख 80 हजार. 44ADA मध्ये 50 टक्के ही खालची मर्यादा होती, त्याहून जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं होतं. आणि नवीन रेजिममध्ये त्या वर्षासाठी 7 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर 87A च्या सवलतीमुळे टॅक्स शून्य होता. म्हणजे खरा आकडा दाखवून एक रुपया जास्त टॅक्स गेला नाही, कापलेले 45 हजार पण ऑगस्टमध्ये परत आले. 24 जूनला आयटीआर 4 भरला, सीएंची फी अडीच हजार, त्यात उत्पन्नाचं कॉम्प्युटेशन शीट सही-शिक्क्यासह. ते कॉम्प्युटेशन शीट नक्की मागून घ्या, बँका नुसत्या आयटीआरच्या पावतीवर थांबत नाहीत.

8 जुलैला एका बँकेत अर्ज दिला. तिथे ताजे बारा महिने मागितले, म्हणजे जुलै 2024 ते जून 2025. माझी शीट मार्चला संपत होती. जुने एप्रिल, मे, जून काढले (1 लाख 53 हजार), नवीन तीन महिने घातले (58, 41 आणि 66 हजार, म्हणजे 1 लाख 65 हजार). नवीन बेरीज 6 लाख 92 हजार, सरासरी 57,667. हजार रुपयाने हलली फक्त. हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून दिले, कारण खिडकी सरकवल्यावर सरासरी फार हलत नसेल तर कमाई वर-खाली असली तरी वर्षाच्या हिशोबात टिकून आहे हे दिसतं. ती खूप हलली तर मात्र एखादं मोठं पेमेंट खिडकीच्या कडेवर बसलंय असं समजायचं आणि ते कुठलं ते शोधून ठेवायचं.

सोबत दिलेले बाकीचे कागद: दोन वर्षांचे आयटीआर आणि कॉम्प्युटेशन, 26AS, मोठ्या बिलांच्या कॉपी, उद्यम सर्टिफिकेट (udyamregistration.gov.in वर फुकट मिळतं, कुणालाही पैसे देऊ नका), आणि जीएसटी का नाही याचं साधं पत्र, सेवेची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे म्हणून नोंदणी लागत नाही. फ्लॅटचे कागद, सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन हे सगळं वेगळं, ते पगारदारांना पण असतंच, त्यात जात नाही.

जुलै अखेरीला फोन आला की क्रेडिटच्या मॅडमना भेटायचंय. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेले. मॅडमनी माझी शीट बाजूला ठेवली आणि ओरिजिनल स्टेटमेंट उघडलं, पेन घेऊन एकेका महिन्याची 5, 10, 15, 20, 25 तारखेची शिल्लक कडेला लिहायला लागल्या. मग ऑगस्ट 2024 वर पेन थांबवलं.

"या महिन्यात नऊ हजारच आलेत. घर कसं चालवलं?"

मी म्हटलं, "मॅडम, 1 ऑगस्टची शिल्लक बघा."

1 लाख 12 हजार होती. महिना अखेरीला 91 हजार. त्यांनी मागची-पुढची पानं चाळली, गाडीचा 2,600 चा हप्ता दर महिन्याला गेलाय का ते बघितलं, एकही हप्ता बाऊन्स नाही ना ते बघितलं. मग म्हणाल्या, "कमी महिना असला तरी चालतं, पण त्या महिन्यात खातं कोरडं पडलेलं असलं किंवा हप्ता परत गेलेला असला की मग आम्हाला सरासरीचा उपयोग नसतो." मला हे फार पटलं. म्हणून अर्ज करायच्या आधीचं वर्षभर तरी मोठं पेमेंट आलं की लगेच सगळं एफडीत किंवा दुसरीकडे हलवू नका, पावसाळ्याचे हप्ते आणि घरखर्च निघेल एवढं त्याच खात्यात दिसू द्या.

मार्चच्या 1 लाख 87 हजारांवर पण विचारलं, एकदाच येणारं आहे का म्हणून. त्यातलं मोठं पेमेंट ज्या क्लायंटचं होतं त्याचीच मार्च 2024 ची एंट्री मी आधीच काढून नेली होती, 1 लाख 40 हजारांची. ती बारा महिन्यांच्या बाहेरची असूनही बघितली. मोठी रक्कम दरवर्षी येते हे दाखवायला मागच्या वर्षीचं तेच पान जवळ ठेवा, नाहीतर ती सरासरीतून काढली जाऊ शकते. आणि यूपीआयच्या एंट्रीत नुसता नंबर आणि आयडी दिसतो, कुणाचे पैसे ते कळत नाही, म्हणून त्यातल्या दहा हजारांवरच्या सगळ्या एंट्रींना बिल जोडावं लागलं. आता मी सगळ्यांना सांगते की रिमार्कमध्ये बिल नंबर टाका.

29 ऑगस्टला सँक्शन आलं, साडेसतरा लाख. मी वीस मागितले होते. हिशोब विचारला तर मॅडमनी नीट समजावला. त्यांच्याकडे बारा महिन्यांची सरासरी फक्त पडताळणीला वापरतात, की रिटर्नमधली पावती आणि खात्यात आलेले पैसे अधिक टीडीएस जुळतात का. माझे जुळले. ईएमआयची ऐपत मात्र दोन वर्षांच्या रिटर्नच्या सरासरीवर: 5 लाख 80 आणि 3 लाख 10 मिळून 8 लाख 90 हजार, निम्मे 4 लाख 45 हजार, महिना 37,083. त्याच्या 50 टक्के म्हणजे साधारण 18,540 एवढे एकूण हप्ते चालतात. त्यातून गाडीचे 2,600 वजा, उरले 15,940. 9 टक्के आणि 20 वर्षांना लाखाला 900 रुपये हप्ता बसतो, म्हणून 17 लाख 70 हजारांच्या आसपास, त्यांनी साडेसतरा केले. हप्ता 15,745. प्रत्येक बँकेची टक्केवारी आणि पद्धत वेगळी असते, काही ठिकाणी फक्त ताजं वर्ष धरतात, काही ठिकाणी दोन्हीतलं कमी. अर्जाच्या आधीच विचारा, की तुम्ही एक वर्ष धरता का दोन वर्षांची सरासरी. मला फक्त ताज्या वर्षावर 48,333 धरून जास्त मिळालं असतं, पण 15,745 चा हप्ता माझ्या 44 हजारवाल्या महिन्यात पण बसतो आणि 20 लाखांचा 18 हजाराचा हप्ता जुलै-ऑगस्टमध्ये जड गेला असता, म्हणून मी दुसरी बँक शोधली नाही. अडीच लाखांची सोय उरलेल्या एफडीतून केली.

प्रोसेसिंग फी अर्धा टक्का म्हणजे 8,750 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 10,325 गेले. सही करताना हप्त्याची तारीख विचारतात, 5 किंवा 10. माझी पुण्याची दोन्ही ऑफिसं 5 ते 8 च्या दरम्यान पैसे सोडतात, हे त्याच शीटमध्ये तारखेवार दिसत होतं, म्हणून मी 10 घेतली.